वीस गुणांची वाटणी: घटक चाचणीचा संविधान तक्ता

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिला पाठ ‘गतीचे नियम’. पाठ शिकवून झाला आहे आणि त्यावर वीस गुणांची घटक चाचणी काढायची आहे. वेळ एका तासिकेची, म्हणजे चाळीस मिनिटांची. शिक्षक पुस्तक उघडतात, पाठामागचा स्वाध्याय पाहतात आणि प्रश्न लिहायला लागतात. व्याख्या लिहा, नियम लिहा, फरक स्पष्ट करा, एक उदाहरण सोडवा. अर्ध्या तासात वीस गुण भरतात आणि चाचणी तयार होते.

अशी चाचणी मग उलटी तपासून पाहावी. प्रत्येक प्रश्नासमोर दोन गोष्टी लिहायच्या: तो पाठाच्या कोणत्या भागावर आहे आणि सोडवताना मुलाला डोक्यात नेमके काय करावे लागते. बऱ्याचदा निम्म्याहून अधिक गुण केवळ आठवणीवर मिळतात असे दिसते. न्यूटनचे तीन नियम पाठ असले की सहा गुण, दोन व्याख्यांचे चार. ज्या भागावर चार तासिका खर्च झाल्या त्यावर एखादाच प्रश्न निघतो आणि आलेख तर कुठेच नसतो. शिक्षकांनी हे मुद्दाम केलेले नसते. स्मरणाचे प्रश्न सर्वात लवकर सुचतात आणि सर्वात लवकर तपासून होतात, म्हणून तेच आधी कागदावर येतात.

यावर उपाय म्हणून प्रश्न लिहिण्याआधी जो तक्ता करतात त्याला बी.एड.च्या वर्गात ‘संविधान तक्ता’ म्हणतात. शाळेत बोलताना बहुतेक जण ‘ब्लूप्रिंट’च म्हणतात. डाव्या बाजूला पाठाचे उपघटक, वर विचाराच्या पातळ्या आणि चौकटींत गुण, एवढेच त्याचे रूप. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे सहा पातळ्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या हाती ते ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य अशा सुटसुटीत चार पातळ्यांत रुळले.

पहिले काम उपघटकांना गुण वाटण्याचे. त्यासाठी सर्वात भरवशाचे माप म्हणजे तासिका. ज्या भागावर जितका वेळ दिला, त्याला तितके वजन. समजा, हा पाठ दहा तासिकांत झाला. अंतर, विस्थापन, चाल आणि वेग यांना दोन तासिका लागल्या. त्वरण, आलेख आणि वर्तुळाकार गतीला दोन, गतीच्या समीकरणांना दोन, तर न्यूटनचे नियम आणि संवेग यांना चार. दहा तासिकांना वीस गुण, म्हणजे एका तासिकेला दोन. वाटणी झाली ४, ४, ४ आणि ८.

दुसरे काम पातळ्यांना गुण वाटण्याचे. याला एकच ठरलेले प्रमाण नाही. पाठाचा स्वभाव पाहून शिक्षकांनी ते ठरवायचे असते. गतीच्या पाठात समज आणि वापर यांना महत्त्व, म्हणून ज्ञानाला ४, आकलनाला ८, उपयोजनाला ६ आणि आलेख काढण्याच्या कौशल्याला २ गुण ठेवले. आता दोन्ही बाजूंच्या बेरजा सांभाळत चौकटी भरायच्या.

| उपघटक | ज्ञान | आकलन | उपयोजन | कौशल्य | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| अंतर, विस्थापन, चाल, वेग | १ | १ | २ | – | ४ |
| त्वरण, आलेख, वर्तुळाकार गती | १ | १ | – | २ | ४ |
| गतीची समीकरणे | – | २ | २ | – | ४ |
| न्यूटनचे नियम, संवेग | २ | ४ | २ | – | ८ |
| एकूण | ४ | ८ | ६ | २ | २० |

पाच चौकटी रिकाम्या राहिल्या आहेत आणि त्यात काही बिघडत नाही. वीस गुण सोळा चौकटींत कोंबले, तर सगळी चाचणी एकेका गुणाच्या तुकड्यांची होईल आणि मुलाला दोन-तीन पायऱ्यांचा विचार करायची संधीच उरणार नाही. समीकरणांच्या ओळीत ज्ञानाला गुण नाहीत, कारण सूत्र आठवल्याशिवाय पुढची चौकट सुटतच नाही. त्या आठवणीची वेगळी परीक्षा घेण्याची गरज नाही.

आता प्रश्न. पहिल्या ओळीत ज्ञानाचा एक गुण ‘विस्थापन ही सदिश राशी आहे की अदिश?’ या प्रश्नाला जातो. आकलनाचा एक गुण मैदानाची एक पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या जागी परतलेल्या मुलीचे विस्थापन किती, यासाठी. उपयोजनाच्या दोन गुणांसाठी एक सायकलस्वार अर्ध्या तासात आधी पूर्वेला ३ किलोमीटर आणि मग उत्तरेला ४ किलोमीटर जातो. त्याची सरासरी चाल ताशी १४ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी १० किलोमीटर येतो. दोन्ही उत्तरे सारखी लिहिणाऱ्या मुलाला नेमके काय कळले नाही, ते शिक्षकांना तिथल्या तिथे दिसते.

समीकरणांच्या ओळीत आकलनाच्या दोन गुणांसाठी आकडेमोड नाही. गाडीचा सुरुवातीचा वेग, शेवटचा वेग आणि त्वरण दिले आहे, वेळ दिलेली नाही. अशा वेळी थांबण्याचे अंतर काढायला कोणते समीकरण घ्यावे आणि का, एवढेच विचारायचे. उपयोजनाच्या प्रश्नात सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीसमोर ४५ मीटरवर म्हैस उभी आहे. ब्रेक दाबल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने कमी होतो. धडक टळेल का? v² = u² + 2as वापरले की गाडी थांबायला ५० मीटर लागतात असे निघते, म्हणजे धडक होईल. एक गुण पन्नासच्या आकड्याला आणि एक निष्कर्षाला. ५० मीटर लिहून थांबलेल्या मुलाला गणित आले आहे, पण त्या आकड्याचा अर्थ लावायचा राहिला आहे. गुणदान असे आधीच ठरवले, तर हा फरक गुणांतही दिसतो.

खरी कसोटी मात्र शेवटच्या ओळीत लागते. क्षेत्ररक्षक वेगाने येणारा चेंडू झेलताना हात मागे का घेतो, हा प्रश्न कोणत्या पातळीचा? प्रश्न नुसता वाचून ते सांगता येत नाही. शिक्षकांनी त्याचे उत्तर वहीत उतरवून दिले असेल आणि मुलांनी ते पाठ केले असेल, तर तो ज्ञानाचा प्रश्न, त्यात ‘का’ असले तरी. वर्गात त्यावर चर्चा झाली, पण उत्तर मुलाला स्वतःच्या शब्दांत मांडायचे असेल, तर आकलनाचा. आणि टेम्पोतून मातीचे माठ नेताना मध्ये पेंढा का भरतात, असे विचारले आणि वर्गात माठाचा विषय कधीच निघालेला नसेल, तर तो उपयोजनाचा. तत्त्व तिन्ही ठिकाणी एकच: थांबायला जास्त वेळ मिळाला की संवेग सावकाश बदलतो आणि बल कमी लागते. बदलते ते मुलाने करायचे काम. म्हणून तक्त्यात ‘उपयोजन’ असे लिहिण्याआधी शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे, वर्गातल्या वह्या आणि शक्य असेल तर शिकवणीच्या नोट्सही नजरेखालून घालाव्यात. तिथे तेच उदाहरण त्याच आकड्यांनी असेल, तर तक्ता कागदावर समतोल दिसेल आणि चाचणी मात्र स्मरणाचीच होईल.

पातळी आणि काठिण्य यांचीही अनेकदा गल्लत होते. न्यूटनचा ग्रंथ कोणत्या साली प्रसिद्ध झाला, हा प्रश्न बहुतेक मुलांना अवघड जाईल, तरी तो आठवणीचाच. उलट मैदानाच्या फेरीचा प्रश्न सोपा आहे, पण त्याला समज लागते. अवघड प्रश्न घातले म्हणजे वरच्या पातळीची परीक्षा झाली, असे होत नाही. त्यामुळे सोपे, मध्यम आणि कठीण हा हिशेब तक्त्याच्या जोडीला वेगळा ठेवतात.

‘खालीलपैकी कोणतेही दोन सोडवा’ ही सवलत तक्त्याला हमखास धक्का लावते. तीन पर्यायांपैकी एक आठवणीचा, एक समजेचा आणि एक उदाहरणाचा असेल, तर प्रत्येक मूल वेगळीच चाचणी देते आणि त्यांच्या गुणांची तुलना करता येत नाही. पर्याय द्यायचाच असेल, तर दोन्ही प्रश्न एकाच चौकटीतले हवेत: माठांऐवजी अंड्यांचे ट्रे चालतील, पण व्याख्या नाही.

या तक्त्यातून एक गुणाचे सहा आणि दोन गुणांचे सात प्रश्न तयार होतात. एक गुणाच्या प्रश्नांना सहा मिनिटे, दोन गुणांच्या प्रत्येक प्रश्नाला सुमारे चार मिनिटे आणि वाचनाला थोडा वेळ धरला, तर चाचणी चाळीस मिनिटांत बसते. त्यात आलेखाला जास्त वेळ लागतो. अक्ष, प्रमाण, बिंदू आणि रेषा यांना प्रत्येकी अर्धा गुण ठरवला, तर अर्धवट आलेखालाही न्याय मिळतो. प्रश्नपत्रिका छापण्याआधी सहकारी शिक्षकांना तक्ता न दाखवता प्रश्नांच्या पातळ्या लिहायला सांगाव्यात. दोघांचे जिथे जुळत नाही, तो प्रश्न पुन्हा पाहायचा.

तक्त्याचा दुसरा उपयोग तपासणीनंतर सुरू होतो. एकाच मुलाचे एका चौकटीतले दोन गुण फारसे काही सांगत नाहीत. तो त्या दिवशी चुकला असेल, घाईत असेल. पण साठ मुलांचे गुण चौकटीनुसार मांडले की चित्र स्पष्ट होते. समजा, वर्गाला सरासरी बारा गुण मिळाले. नुसत्या बारावरून काहीच कळत नाही. तक्त्यात मांडल्यावर दिसते की ज्ञानात चारपैकी साडेतीन आहेत, न्यूटनच्या नियमांच्या आकलनातही गुण चांगले आहेत, पण समीकरण निवडण्याच्या प्रश्नात बहुतेकांना शून्य आहे. म्हणजे मुलांना सूत्रे येतात, कोणते कधी वापरायचे ते येत नाही. मग सगळा पाठ पुन्हा घ्यायची गरज उरत नाही. एक तासिका पुरते, आणि त्या तासिकेत आकडेमोड न करता फक्त दिलेल्या माहितीवरून समीकरण निवडायचे. पुढच्या चाचणीत या चौकटीवर एक गुण पुन्हा ठेवला, तर ती तासिका उपयोगी पडली की नाही हेही तपासता येते.