टोकापुरती तुळई

सकाळी ७:३०

वाईच्या वाड्यात कामगार येण्याआधी मी एकटीच माजघरात शिरते आणि आधी धिरे तपासते. तीन तुळयांखाली सहा धिरे आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर आडवी फळी आणि पायाशी जाड पाट, म्हणजे भार फरशीच्या एकाच ठिपक्यावर येत नाही. पाचरी हाताने हलवून बघते. धिऱ्यांनी फक्त भार पेलायचा, तुळई वर उचलायची नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दीडशे वर्षांत हळूहळू वाकलेलं लाकूड जॅकने दोन दिवसांत सरळ करायला गेलं, तर वरच्या कड्या आणि पाट फाटतात. मधोमध बोटभर बाक आहे, तो तसाच राहणार.

सकाळी ८:१५

मिस्त्री आले. आज मधल्या तुळईचं टोक कापायचं आहे, पण त्याआधी ती पुन्हा एकदा टोचून घ्यायची. सागाची तुळई, १८ सेंटीमीटर रुंद, २४ उंच, भिंतीपासून भिंतीपर्यंत ३.६ मीटर. मिस्त्री लाकडी ठोकळ्याने ठोकत निघतात. मधोमध टणटणीत आवाज येतो, भिंतीजवळ तो बसका होतो. तिथे टोचा दाबला की पातेलीतल्या खरवडीत जावा तसा आत जातो. लाकूड तपकिरी पडून चौकोनी तुकड्यांत तडकलंय, म्हणजे बुरशी. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. भिंतीपासून १५ सेंटीमीटरनंतर टोचा अडतो. खात्रीसाठी मी अरुंद ड्रिलने खालून भोक पाडून भुसा तळहातावर घेते. २० सेंटीमीटरवर तो सोनेरी, कोरडा आणि सागाच्या वासाचा आहे.

ओलाव्याचं यंत्र तुळईच्या मधोमध १३ टक्के दाखवतं आणि भिंतीलगत २७. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ही बुरशी वाढत नाही. म्हणून माझ्या वहीत पहिलं काम लाकडाचं नाही, पाण्याचं आहे.

सकाळी ९:००

पाणी कुठून येतं ते शोधायला आम्ही कौलांवर चढतो. दोन छपरांच्या मधली पन्हळ नेमकी या टोकाच्या वर फुटली आहे. पण एवढ्याने टोक इतकं कुजलं नसतं. कोणीतरी पूर्वी डागडुजी करताना भिंतीत शिरलेल्या टोकाभोवती सिमेंट ठासून भरलंय. माती-चुन्याची भिंत भिजली तरी वाळते. सिमेंटने मात्र आत आलेलं पाणी कोंडून धरलं. मिस्त्री छिन्नीने ते फोडतात, तेव्हा आतून ओली काळी भुकटी ओघळते. हे सिमेंट तसंच ठेवून नवी तुळई बसवली, तर तीही याच जागी कुजणार. म्हणून बदलायची की दुरुस्त करायची हा प्रश्न पाणी कुठून येतं ते कळल्यावरच विचारायचा.

सकाळी १०:००

वाड्यातल्या आजी चहा घेऊन आल्या. त्यांनी पुण्यातल्या पुतण्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "मॅडम, गर्डर टाका की सरळ. पन्नास वर्षं बघायला नको."

मी त्यांना सांगते की गर्डर टाकायचा तर आधी वरच्या माडीची जमीन उकलावी लागेल. कडीपाटावर वीतभर मातीचा थर आहे. तो काढताना जुने पाट सांध्यांत तुटतात. शिवाय एका टोकाच्या ४० सेंटीमीटर कुजक्या लाकडासाठी तीन मीटरहून जास्त धडधाकट साग फेकावा लागेल. २०१७ साली दिल्लीत इकोमॉसने लाकडी वास्तूंसाठीची तत्त्वं स्वीकारली. त्यांचा गाभा हाच आहे: वास्तू टिकायला लागेल तेवढाच हात लावायचा.

"आणि टोक जोडलं तर झेपेल का?" त्यांचा प्रश्न योग्य आहे, म्हणून वहीतला हिशोब वाचून दाखवते. जोड भिंतीपासून २० ते ७५ सेंटीमीटरच्या दरम्यान येतो. भार सारखा पसरलेला असेल तर तुळई वाकवणारा जोर मधोमध सर्वात जास्त असतो आणि टोकाकडे उतरत जातो. जोडाच्या मध्यावर तो मधल्या जोराच्या ४६ टक्के आहे. जुनी तुळई मुळात जाडजूड. आमच्या भाराने तिची मधली ताकद निम्मीच वापरली जाते. म्हणजे जोडाने अखंड तुळईच्या ताकदीचा साधारण चौथा हिस्सा पेलायला हवा. बोल्ट घातलेल्या अशा सांध्याकडून मी तिसरा हिस्सा धरते. हाच जोड मधोमध आला असता, तर निम्मी ताकद लागली असती आणि मी हो म्हटलं नसतं.

पुतणे म्हणाले, "हे लिहून पाठवा." संध्याकाळी पाठवते.

सकाळी ११:००

आता कापणी. बाजूच्या धिऱ्यांवर भार आहे का हे मिस्त्री पाचर ठोकून पाहतात आणि मगच करवत लावतात. जोडात जुन्या तुळईची जीभ वर येते आणि नव्या तुकड्याची खाली. नवा तुकडा भिंतीवर बसणार, जुनी तुळई त्याच्यावर टेकणार, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर उतरतो. उलटं केलं, तर सगळा भार बोल्टांना लटकेल. जुन्या जिभेच्या मुळाशी काटकोनी खाच ठेवली तर तिथून तंतूंच्या दिशेने चीर पडते. म्हणून काप उतरता ठेवला आहे आणि त्या मुळापाशी एक बोल्ट आहे.

दुपारी १:३०

डबे उघडले. जेवताना बोलणं तिसऱ्या तुळईवर. ती वाचणार नाही. वाळवीने मधल्या दीड मीटरचा गाभा पोखरला आहे, वरची साल तेवढी शाबूत. जोर सर्वात जास्त असतो तिथेच पोकळी. ती अख्खी बदलायची. मला जुना, वाळलेला साग हवा आहे, पण पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकत घेतलं की पुढचा वाडा पाडण्याला आपणच हातभार लावतो, असं मला वाटतं. म्हणून वखारीत वाळवलेला नवा साग सांगितला आहे. त्याचा ओलावा १२-१३ टक्क्यांवर आल्याशिवाय बसवायचा नाही, नाहीतर घरात वाळताना तो आकसेल आणि कड्या सैल पडतील.

पहिल्या तुळईला मात्र हात लावणार नाही. तिचा कोपऱ्यांवरचा फिकट भाग किड्यांनी खाल्लाय, म्हणून ती दिसते वाईट. गाभा टणक आहे. सगळीकडून सेंटीमीटरभर लाकूड गेलं असं धरलं, तरी १८ बाय २४ च्या तुळईची ताकद तीन-चतुर्थांश उरते. भुसा ब्रशने झाडायचा, औषध लावायचं आणि सोडून द्यायचं.

दुपारी २:३०

नवा तुकडा जागेवर आणला, पण बसेना. मिस्त्री दोन्ही पृष्ठांना काजळ लावतात, जोड दाबतात, उचलतात. काजळ जिथे उमटलं तेवढंच रंध्याने आणि पटाशीने काढतात. हे तासभर चालतं. मला हाच तास आवडतो, कारण जोडाची ताकद इथे ठरते. फट राहिली तर भार दोनच ठिपक्यांवर येतो. शेवटी काजळ सगळीकडे सारखं उमटतं. मग स्टेनलेस स्टीलचे १२ मिलिमीटरचे चार बोल्ट, मोठ्या वॉशरसकट.

सायंकाळी ४:३०

भिंतीतल्या खळग्यात सपाट चिरा, त्यावर शिशाचा पत्रा, त्यावर लाकूड. टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर हवा मोकळी ठेवून बाकी चुन्याने बांधायचं. मिस्त्री विचारतात, "ताई, फट बुजवू? बरी दिसेल." नको. ती हवा गेली की पुन्हा तीच गोष्ट.

सायंकाळी ६:००

नव्या लाकडाला जुन्याचा रंग देणार नाही. सांधा दिसू दे. खालच्या बाजूला पटाशीने साल कोरलं. धिरे आणखी दोन आठवडे राहतील. चुना पकडल्यावर पाचरी रोज थोड्या थोड्या ढिल्या करायच्या आणि दर वेळी सांध्याखालचं अंतर मोजायचं. उद्या सकाळी पन्हळ. तिच्या जुन्या पत्र्याची लांबी मोजून आजींच्या हाती दिली आहे, पत्रेवाला आठ वाजता येतोय.