मशीन घेण्याआधी मेकॅनिक शोधा

लग्नसराईत अस्तराच्या ब्लाऊजांचा गठ्ठा हातात असताना मशीन बंद पडलं, तर नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलाचं नसतं. दिलेली तारीख चुकते आणि गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं. म्हणून घरगुती शिलाईसाठी मशीन निवडताना कंपनीचं नाव आणि किंमत यांच्याही आधी मी एक गोष्ट विचारते: बिघाड झाला, तर किती दिवसांत चालू होईल?

हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरचा हिंदुस्थानातला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल हे पारशी गृहस्थ पाहत होते. हप्त्यावर मशीन द्यायचं, ते चालवायला शिकवायचं आणि विक्रीनंतरही गिऱ्हाइकाशी संबंध ठेवायचा, ही सिंगरची रीत होती. १९३०च्या दशकात कलकत्त्यात उषा सुरू झाली. पुढे लुधियानाच्या कारखान्यांनीही त्याच घडणीची काळी मशीन बनवली. त्याचा फायदा आजही मिळतो. काळ्या मशीनचं शटल, बॉबिन केस, पट्टा तालुक्याच्या बाजारात सहज मिळतो आणि गावचा मेकॅनिक ते डोळे झाकून खोलतो. वीज गेली तरी पायडलवर काम चालू राहतं.

आता इंडस्ट्रियल मशीनकडे वळू. दुकानदार वेगाचं आकर्षण दाखवतो: घरगुती मशीन मिनिटाला साधारण ८०० टाके घालतं, इंडस्ट्रियल चार-पाच हजार. पण ब्लाऊजचा हिशेब मांडून बघा. एका ब्लाऊजला आठ मीटर शिवण धरली आणि टाका अडीच मिलिमीटरचा ठेवला, तर ३,२०० टाके होतात. म्हणजे घरगुती मशीनची चार मिनिटं, इंडस्ट्रियलचं एकही नाही. वाचली ती जेमतेम तीन मिनिटं, आणि तीही पूर्ण वेगाने शिवलं तर. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या वळणावर तो वेग वापरताच येत नाही. बाकीचा वेळ कटिंग, टक्स, हुक आणि हातशिलाईत जातो. परकर, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश अशी सरळ शिवणीची कामं ठोक मिळत असतील, तर मात्र हे मशीन पैसे वसूल करून देतं.

त्यातही दोन तऱ्हा आहेत. टोकियोच्या जुकीचं डीडीएल-८७०० हे मॉडेल घेतलं, तर मोटार टेबलाखाली वेगळी असते आणि पट्ट्याने डोकं फिरवते. मोटार जळली तर दुसरी बसवायची, डोक्याला हात लावायचा नाही. चीनमधल्या ताईचौच्या जॅक कंपनीच्या नव्या मॉडेलांत सर्वो मोटार डोक्यातच असते. आवाज कमी आणि विजेची बचतही होते, कारण पाय दाबला तरच ती फिरते. जुनी क्लच मोटार शिलाई थांबली तरी घुमतच राहते. पण जॅकचा कंट्रोल बोर्ड गेला तर साधा मेकॅनिक हतबल होतो, डीलरकडून बोर्ड यावा लागतो. सोलापूरसारख्या गणवेशाच्या कारखान्यांच्या शहरात इंडस्ट्रियल मशीनचे मेकॅनिक सहज भेटतात. तशी सोय नसलेल्या गावात हेच मशीन बोर्डाची वाट पाहत आठवडाभर झाकून ठेवावं लागू शकतं.

म्हणून पैसे मोजण्याआधी बाजारात एक फेरी मारा. ज्या मॉडेलवर मन आहे त्याचं बॉबिन केस आणि सुया गावातल्या दुकानात मिळतात का, ते विचारा. इंडस्ट्रियलची सुई गोल बुडाची असते, घरगुती मशीनची एका बाजूने चपटी. एकाची सुई दुसऱ्याला चालत नाही. मग डीलरला विचारा: मेकॅनिक घरी येतो की मशीन घेऊन जायचं? वाहतूक कुणाची? डोकं, मोटार आणि बोर्ड यांची वॉरंटी वेगवेगळी आहे का? उत्तर बिलावर लिहून शिक्क्यासह घ्या.

चाचणीला आपलंच कापड न्या. पैठणीच्या जरीकाठाखाली अस्तर लावून शिवा, मग जॉर्जेटचे दोन पदर. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले, तर बहुतेक वेळा वरचा ताण ढिला असतो किंवा दोरा नीट ओवलेला नसतो. हे दोन मिनिटांत सुधारतं. पण नवी सुई नीट बसवूनही जॉर्जेटवर टाका सुटत असेल, तर सुई आणि शटलची वेळ जुळलेली नसण्याची शक्यता मोठी. दुकानदाराला तिथेच सेटिंग करून पुन्हा शिवून दाखवायला सांगा. त्यातून त्याचा मेकॅनिक किती तयार आहे, तेही कळतं.

माझं मत स्पष्ट आहे. मुख्य काम ब्लाऊजचं असेल, तर मोटार लावलेलं काळं मशीन घ्या. ठोक काम पक्कं झालं आणि जवळ मेकॅनिक असेल, तर वेगळ्या मोटारीचं इंडस्ट्रियल दुसरं मशीन म्हणून घ्या. आणि दुसरं आलं तरी पहिलं विकू नका.