आवाज आहे तोवर

यवतमाळच्या पानठेल्यावर मिळणाऱ्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. यातूनच अनेकांना तोंडाचा कर्करोग होतो. जीभ किंवा जबडा काढावा लागला, तर बोलणे अस्पष्ट होते. म्हणून आपल्यामागे लहान मुलांसाठी पत्र ठेवायचे असेल, तर ते शस्त्रक्रियेआधीच बोलून ठेवावे.

कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी यासाठी एक पद्धत बसवली. आजारी माणसाला ठरावीक प्रश्न विचारतात, साधारण तासभर बोलणे ध्वनिमुद्रित करतात, ते लिहून काढतात आणि त्यालाच वाचून दाखवतात. दुरुस्ती तो करतो. रागाच्या भरात निघालेले, मुलांना बोचेल असे वाक्य इथेच गळते. मला हीच पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण नंतर खुलासा करायला बाप नसतो.

समजा, मुलगी चार वर्षांची आहे. अठराव्या वर्षी वाचताना तिला बाप फारसा आठवणार नाही. "नीट शिक" यापेक्षा तिच्या जन्माच्या रात्री दवाखान्यात कसे पोचलो, कापूस वेचायच्या दिवसांत ती कुठे झोपायची, हे सांगावे. "डॉक्टरच हो" असे वचन मागू नये. ते मोडताही येत नाही.

शेतीची वाटणी यात घालू नये. ती मृत्युपत्रात लिहावी; त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ध्वनिमुद्रण असलेला मोबाइल बिघडतो, म्हणून पत्राची एक कागदी प्रत आईकडे आणि दुसरी मामाकडे ठेवावी.