दोन सात, चार घरं

अवघड सुदोकूत साधारण निम्मी घरं भरली की हात थबकतो. ओळ बघून झालेली असते, रकाना बघून झालेला असतो, चौकटही तपासलेली असते आणि एकही अंक पक्का बसत नाही. मग बरेचजण अंदाजपंचे एक अंक लिहून पुढं जातात आणि वीस मिनिटांनी खोडरबर शोधतात. अशा वेळी अंदाज न करता पुढं जाण्याची एक युक्ती आहे, तिला ‘एक्स-विंग’ म्हणतात. ‘स्टार वॉर्स’मधल्या लढाऊ विमानाचंही हेच नाव आहे.

युक्ती वापरायची तर आधी प्रत्येक रिकाम्या घरात बारीक अक्षरात संभाव्य अंक लिहून ठेवायला हवेत. ते झालं की नऊही अंकांकडं एकदम पाहू नये, एकच अंक धरावा. आपण 7 धरू.

समजा कोड्यात 7 फक्त दोनदाच आलाय : पहिल्या आडव्या ओळीत चौथ्या रकान्यात आणि आठव्या ओळीत सहाव्या रकान्यात. आता दुसरी ओळ बघा. तिच्या मधल्या तीन घरांत 7 येऊ शकत नाही, कारण वरच्या मधल्या चौकटीत तो आधीच बसलाय. पहिलं, दुसरं, सातवं आणि नववं घर दुसऱ्या अंकांनी भरलेलं आहे. उरली दोनच घरं, तिसऱ्या आणि आठव्या रकान्यातली. सातव्या ओळीतही असंच झालंय : मधली तीन घरं खालच्या मधल्या चौकटीतल्या 7 मुळं बंद, कडेची भरलेली, आणि जागा उरली ती पुन्हा तिसऱ्या आणि आठव्या रकान्यातच.

या चार घरांचा एक आयत होतो. दुसऱ्या ओळीचा 7 तिसऱ्या रकान्यात गेला, तर सातव्या ओळीचा 7 तिथं जाऊ शकत नाही, त्याला आठव्यात जावं लागतं. उलट झालं तर तो तिसऱ्यात येतो. म्हणजे दोन 7 नेहमी समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तिरके बसणार. दोन्ही शक्यतांच्या तिरक्या रेघा काढल्या की फुलीच होते, तोच हा एक्स. खरी रेघ कुठली, हे आपल्याला अजून ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. रेघ कुठलीही असो, तिसऱ्या रकान्याचा 7 आणि आठव्या रकान्याचा 7 या चार घरांतच संपतो. तेव्हा या दोन रकान्यांतल्या बाकी सगळ्या घरांतून 7 खोडून टाकायचा.

आता पाचव्या ओळीकडं या. तिथं 7 च्या तीन शक्यता लिहिलेल्या होत्या : तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यातल्या घरात 2 आणि 7 होते, 7 गेला, 2 पक्का झाला. आठव्यातल्या घरात 4, 7, 9 होते, तिथं 4 आणि 9 उरले. आणि पाचव्या ओळीला 7 साठी एकच जागा राहिली, पाचवा रकाना, म्हणजे कोड्याचं अगदी मधलं घर. दूरच्या दोन ओळींनी मधल्या घराचा निकाल लावला, म्हणूनच हा डाव सहज नजरेत भरत नाही.

चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. चार कोपऱ्यांत 7 दिसतो म्हणून माणूस खूश होतो, पण त्या ओळीत आणखी कुठं 7 शक्य आहे का, हे बघत नाही. वरच्या उदाहरणात सातव्या ओळीतलं दुसरं घर रिकामं असतं आणि तिथंही 7 येऊ शकला असता, तर सगळी बांधणी कोसळली असती. कारण तिथला 7 दुसऱ्या रकान्यात निसटू शकला असता. आयत दिसणं पुरेसं नाही, दोन्ही ओळींत नेमक्या दोनच जागा हव्यात. बारीक अंक लिहायचे राहून गेले असतील, तर इथंच फसगत होते. ती कळते फार उशिरा, जेव्हा एखाद्या घरात एकही अंक शिल्लक राहत नाही.

दिशेचाही गोंधळ होतो. जागा ओळींत मोजल्या असतील, तर खोडायचं रकान्यांत. कोडं उभं धरून दोन रकान्यांत दोन-दोन जागा सापडल्या, तर खोडायचं आडव्या ओळींत.

शोधताना एक अनुभव उपयोगी पडतो. कोड्यात सात वेळा येऊन गेलेल्या अंकामागं वेळ घालवू नका. त्याच्या उरलेल्या दोन ओळी आणि दोन रकाने मिळून आयत होतोच, पण खोडायला बाहेर काही राहिलेलंच नसतं. दोन ते पाच वेळा बसलेले अंक आधी घ्या, आणि ज्या ओळींत त्यांच्या फक्त दोनच जागा आहेत त्या ओळींवर बारीक खूण करून ठेवा. दोन खुणा एकाखाली एक, त्याच रकान्यांत आल्या की पेन्सिल खाली ठेवून त्या दोन ओळी एकदा पुन्हा मोजा. मगच खोडरबर हातात घ्या.