कपडा खरा, अंग उसने

ऑनलाइन दुकानातला कुर्ता आपल्या अंगावर कसा दिसेल, हे दाखवण्याची एक पद्धत म्हणजे माणसांची अदलाबदल. मॉडेलने कुर्ता घातलेले छायाचित्र तसेच ठेवायचे आणि त्यात मॉडेलच्या जागी ग्राहकाला बसवायचे. त्यासाठी आधी संगणक छायाचित्राचे तुकडे पाडतो : चेहरा, केस, मान, हात, कापड. कापडाचा भाग राखून बाकीचा पुसला जातो आणि त्या मोकळ्या जागेत ग्राहकाचा चेहरा, त्वचेचा रंग, केस नव्याने रंगवले जातात. मूळ प्रकाशाची दिशा सांभाळली, तर मानेजवळचा सांधाही दिसत नाही.

फसगत सांध्यात नसतेच. समजा, मॉडेलची उंची पाच फूट नऊ इंच आहे. तिचा खांदा जमिनीपासून साधारण 56 इंचांवर येतो. खांद्यापासून 46 इंच लांबीचा कुर्ता तिच्या पोटरीशी, जमिनीपासून दहा इंचांवर थांबतो. ग्राहक पाच फूट एक इंच; तिचा खांदा 50 इंचांच्या आसपास. तोच कुर्ता तिच्या घोट्याजवळ, जमिनीपासून जेमतेम चार इंचांवर येणार. चित्रात मात्र तो पोटरीशीच थांबलेला दिसतो, कारण कापड हलवलेलेच नाही. चेहरा तिचा, उंची मॉडेलची. शिवाय अशा छायाचित्रांसाठी सैल कपडा पाठीमागून क्लिपा लावून आवळण्याची रीत जुनी आहे. त्या क्लिपांनी आणलेला नेटकेपणाही अदलाबदलीत ग्राहकाच्या वाट्याला येतो.

मग ग्राहकाच्या बांध्याप्रमाणे कापडही नव्याने रंगवावे? तसेही करतात. पण तेव्हा कापड अंदाजाने रंगवले जाते. साधा रंग निभावतो. बारीक बुट्टी, काठावरचे मोर, छापील अक्षरे मात्र वितळल्यासारखी होतात. म्हणजे कापड जपावे तर अंग खोटे, अंग जपावे तर कापड खोटे. माझ्या मते दुसरा खोटेपणा अधिक प्रामाणिक, कारण तो निदान डोळ्यांना दिसतो.

याच्याही मुळाशी शिकवणीचा प्रश्न आहे. ही यंत्रे प्रामुख्याने कॅटलॉगमधल्या छायाचित्रांवर शिकतात आणि कॅटलॉगमध्ये कपडा कुणालाच तंग होत नाही. मुंड्यात रुतणारी बाही, छातीवर ताणलेल्या गुंड्या त्यांनी क्वचितच पाहिलेल्या असतात. त्यात छायाचित्राला इंच ठाऊक नसतात : 38चा कुर्ता 42च्या छातीला दाखवा, तो सुरेख बसलेलाच दिसेल. कापड जाड की सुळसुळीत, चालताना घेर कसा पडेल, हेही एका स्थिर चित्रात नसते.

रंग, गळ्याचा आकार, चेहऱ्याला शोभते का, एवढे या चित्रावरून ठरवता येते. मापासाठी घरातला नीट बसणारा कुर्ता पलंगावर सपाट पसरावा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावून आकडा दुप्पट करावा आणि तो दुकानाने दिलेल्या तयार कपड्याच्या मापाशी ताडून पाहावा. मात्र तक्त्यात अंगाची मापे आहेत की कपड्याची, हे आधी वाचावे. दोन्हींत दोन-चार इंचांचा फरक सहज असतो.