मेंथॉलची खुर्ची

पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली की जो गारवा लागतो, तो मेंथॉलचा. पुदिन्याच्या तेलातून मिळणाऱ्या या पदार्थाचा सांगाडा म्हणजे सहा कार्बनचे एक कडे, सायक्लोहेक्झेन. त्यावर तीन गट बसलेले असतात. पहिल्या कार्बनवर हायड्रॉक्सिल, दुसऱ्यावर आयसोप्रोपिल आणि पाचव्यावर मिथिल. फळ्यावर आपण हे कडे सपाट षटकोनासारखे काढतो आणि कोणता गट पातळीच्या वर, कोणता खाली हे जाड व तुटक रेषांनी दाखवतो. मेंथॉलमध्ये हायड्रॉक्सिल वर, आयसोप्रोपिल खाली आणि मिथिल वर असतो.

प्रत्यक्षात कडे सपाट नसते. सपाट षटकोनात कोन १२० अंशांचा होईल, तर कार्बनला सुमारे १०९ अंशांचा कोन सोयीचा असतो. हेर्मान साक्सेने १८९० मध्येच असे ताणरहित, मुडपलेले कडे सुचवले होते. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. पुढे हासेल आणि बार्टन यांनी हा विषय मार्गी लावला आणि १९६९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या मुडपलेल्या आकारालाच आपण खुर्ची म्हणतो.

ही खुर्ची काढताना विद्यार्थी हमखास अडखळतात. आमचा अनुभव असा की चित्रकलेपेक्षा चौकटीची वही जास्त उपयोगी पडते. एक आडवा व एक उभा अक्ष धरून हे सहा बिंदू मांडावेत : १ (०,०), २ (१,२), ३ (४,१), ४ (६,२), ५ (५,०), ६ (२,१). ते क्रमाने जोडले की खुर्ची तयार. समोरासमोरच्या बाजू समांतर आल्या आहेत ना, एवढे पाहावे. तशा नसतील तर एखादा बिंदू चुकला आहे. बिंदू २ आणि ३ आपल्यापासून दूर, मागच्या बाजूला आहेत आणि ५ व ६ पुढच्या बाजूला, असे समजायचे.

आता प्रत्येक कार्बनला कड्याबाहेरचे दोन बंध हवेत. त्यांतला एक सरळ उभा. बिंदू आपल्या दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा उंच असेल (२, ४, ६) तर तो वर जातो, सखल असेल (१, ३, ५) तर खाली. हा अक्षीय, म्हणजे अ‍ॅक्सियल बंध. दुसरा बंध बाहेरच्या बाजूला पसरतो, तो विषुवीय किंवा इक्वेटोरियल. खरी चूक इथे होते, कारण हा बंध मुले मनाला येईल त्या दिशेने ओढतात. त्याची दिशा ठरलेली आहे. आपल्या कार्बनला लागून असलेले कड्याचे दोन बंध सोडून द्यायचे आणि त्यांच्या लगतच्या पुढच्या बंधाला समांतर रेषा बाहेर काढायची. पहिल्या कार्बनवर ती २–३ या बाजूला समांतर, म्हणजे डावीकडे आणि किंचित वर जाईल. ताळा सोपा आहे : अक्षीय बंध खाली असेल तर विषुवीय किंचित वर झुकला पाहिजे, आणि उलट.

आता मेंथॉल या खुर्चीवर बसवू. पहिल्या कार्बनचा अक्षीय बंध खाली आहे. हायड्रॉक्सिल हवा वर, म्हणून तो विषुवीय. दुसऱ्यावर अक्षीय वर आहे, आयसोप्रोपिल हवा खाली, म्हणजे तोही विषुवीय. पाचव्यावर अक्षीय खाली, मिथिल हवा वर. पुन्हा विषुवीय! तिन्ही गट बाहेर, मोकळ्या जागेत.

पण प्रत्येक कड्याला दुसरीही एक खुर्ची असते. बंध न तुटता कडे पलटते, खालचे टोक वर आणि वरचे टोक खाली येते. चौकटीच्या वहीत ती पहिल्या खुर्चीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी दिसते : १ (०,२), २ (२,१), ३ (५,२), ४ (६,०), ५ (४,१), ६ (१,०). आता १, ३, ५ उंच आहेत, म्हणून त्यांचे अक्षीय बंध वर. इथे पुष्कळ मुले म्हणतात, ‘खुर्ची पलटली, म्हणजे वरचा गट खाली गेला.’ तसे होत नाही. वरचा गट वरच राहतो, फक्त अक्षीय असेल तो विषुवीय होतो आणि विषुवीय असेल तो अक्षीय. चिकणमातीचे गोळे आणि खराट्याच्या काड्या घेऊन कडे करून पाहिले की हे लगेच पटते. मेंथॉलच्या दुसऱ्या खुर्चीत तिन्ही गट अक्षीय होतात.

अक्षीय जागा अडचणीची का? एकाच बाजूचे तीन अक्षीय बंध एकमेकांना समांतर उभे असतात. त्यांपैकी एकावर मोठा गट आला की उरलेल्या दोघांवरील हायड्रोजनशी त्याची दाटी होते. या दाटीची किंमत मोजलेली आहे. मिथिलसाठी ती मोलला सुमारे ७.३ किलोज्यूल, आयसोप्रोपिलसाठी सुमारे ९, तर हायड्रॉक्सिलसाठी द्रावकानुसार ३ ते ४. नुसत्या मिथिल सायक्लोहेक्झेनमध्ये या ७.३ मुळे साध्या तापमानाला शंभरातले ९५ रेणू विषुवीय खुर्चीत सापडतात. मेंथॉलच्या दुसऱ्या खुर्चीची बेरीज २० च्या आसपास जाते. शिवाय तिथे हायड्रॉक्सिल आणि मिथिल एकाच बाजूला समोरासमोर येतात. त्यांची आपसातली दाटी या बेरजेत आलेलीच नाही. म्हणून गटागटांच्या किमतींची बेरीज हा अंदाज समजावा. गट एकमेकांशेजारी असले की तो चुकू लागतो.

खरी परीक्षा निओमेंथॉलमध्ये होते. त्यात हायड्रॉक्सिल तेवढा खाली, बाकी सारे मेंथॉलप्रमाणे. पहिल्या खुर्चीत हायड्रॉक्सिल अक्षीय, दुसरे दोघे विषुवीय, म्हणून किंमत ४. दुसरीत हायड्रॉक्सिल विषुवीय, पण मिथिल आणि आयसोप्रोपिल अक्षीय, म्हणून किंमत १६. अर्थात पहिली खुर्ची स्थिर. ‘जास्त गट विषुवीय असतील ती खुर्ची’ या नियमानेही इथे बरोबर उत्तर येते, पण नुसते गट मोजण्याची सवय लावू नये. एक तृतीयक ब्युटिल गट अक्षीय होण्याची किंमत २० च्या आसपास आहे. त्याच्यापुढे दोन मिथिलही हरतात.

स्थिर खुर्ची शोधून काय मिळते, ते या दोघांच्या क्लोराइडमध्ये दिसते. हायड्रॉक्सिलच्या जागी क्लोरीन बसवून त्यावर सोडियम इथॉक्साइडची क्रिया केली की हायड्रोजन क्लोराइड निघून जाऊन द्विबंध तयार होतो. त्यासाठी क्लोरीन आणि शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन दोघेही अक्षीय, एक वर व एक खाली असे हवेत. निओमेंथिल क्लोराइडच्या स्थिर खुर्चीत क्लोरीन अक्षीयच आहे. दुसऱ्या आणि सहाव्या दोन्ही कार्बनवर योग्य हायड्रोजन हजर आहे, त्यामुळे दोन पदार्थ मिळतात. मेंथिल क्लोराइडला मात्र आधी तिन्ही गट अक्षीय असलेल्या अवघड खुर्चीत यावे लागते. तशा अवस्थेतले रेणू कोणत्याही क्षणी अगदी थोडे, म्हणून त्याची क्रिया साधारण २०० पट मंद. बरे, त्या खुर्चीत दुसऱ्या कार्बनच्या अक्षीय जागेवर आयसोप्रोपिल बसलेला असतो. तिथून हायड्रोजन काढता येत नाही. उरतो सहावा कार्बन, आणि द्विबंध पहिल्या व सहाव्या कार्बनमध्येच तयार होतो. जास्त गट जोडलेला द्विबंध आधी तयार होतो हा पाठ्यपुस्तकातला झायत्सेफचा नियम इथे लागू पडत नाही. वहीतल्या दोन्ही खुर्च्यांवर क्लोरीन आणि हे हायड्रोजन मांडून पाहिले की त्याचे कारण रेषांमध्येच दिसते.