आमटी ढवळ, घरभर दरवळ

उखाण्याची रचना आठवून पाहा. पहिली ओळ यमकाची तयारी करते, दुसऱ्या ओळीत कुणाचं तरी नाव येतं आणि शेवट यमकावर होतो. बहुतेक उखाण्यांत नाव यमकाच्या जागी नसतं, म्हणूनच एकच उखाणा गावातल्या दहा जणी दहा नावं घालून म्हणू शकतात. उखाण्याची ही सोय जाहिरातीत मात्र घातक ठरते. पंधरा सेकंदांच्या जाहिरातीतली ओळ लोक गुणगुणतात, पण माल कुणाचा ते सांगता येत नाही, अशा वेळी नाव कुठे बसवलंय ते आधी तपासावं. नाव बदलूनही ओळ तशीच चालत असेल, तर ती ओळ कुणाचीच नाही.

उदाहरण म्हणून एका मसाल्याचं नाव ‘दरवळ’ आहे असं समजू. मालकाला सांगायचं असतं: आजीच्या हातची चव, शुद्ध मसाले, आता तुमच्या स्वयंपाकघरात. यावरून पहिल्या झटक्यात ओळ सुचते, ‘दरवळ मसाला घरी आणा, जेवणाची चव वाढे म्हणा’. आणा-म्हणा यमक जुळलं. पण ‘दरवळ’ काढून तीन-चार मात्रांचं दुसरं कुठलंही नाव घाला, काही बिघडत नाही. शिवाय ‘म्हणा’ केवळ यमकासाठी आणलेला आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात करायची. नाव शेवटी ठेवायचं आणि त्याच्याशी जुळणारे शब्द कागदावर मांडायचे: केवळ, जवळ, ढवळ, तळमळ, सळसळ. नुसता शेवटचा ‘ळ’ जुळला तर यमक कानाला पुसट लागतं, ‘वळ’ जुळलं तर ठसतं. त्यामुळे तळमळ आणि सळसळ बाद. ‘चमचा केवळ, घरभर दरवळ’ ही ओळ मोजमापात चोख आहे. पण ओट्याशी उभं राहून ‘चमचा केवळ’ कुणीच म्हणत नाही. ‘आमटी ढवळ’ मात्र घराघरांत रोज म्हटलं जातं. मग ओळ होते:

आमटी ढवळ,
घरभर दरवळ!

आता ‘ढवळ’ ऐकताच कान पुढच्या ‘वळ’ची वाट पाहू लागतो आणि त्या जागी मालाचं नावच येतं. दुसरं नाव घातलं की ओळ मोडते.

पुढचं काम ठेक्याचं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, हे शाळेतलं गणित कागदावर लावलं तर दोन्ही ओळींत आठ-आठ मात्रा भरतात. पण दर चार मात्रांना एक टाळी देऊन म्हणून पाहा. कागदाप्रमाणे म्हटलं तर दुसरी टाळी ‘टी’च्या मधोमध पडते आणि ओळ अडखळते. आपण ‘आ-म-टी’ म्हणत नाही, ‘आम्‌-टी’ म्हणतो. तसं म्हटलं की चार मात्रांत ‘आमटी’ संपते, टाळी ‘ढ’वर पडते आणि ‘ढवळ’नंतर एक मात्रा मोकळी राहते. गाणाऱ्याला तिथे श्वास मिळतो आणि नावाआधी क्षणभर शांतता येते. दुसऱ्या ओळीत तीच टाळी नेमकी ‘दरवळ’च्या ‘द’वर पडते. म्हणून मात्रा तोंडाने मोजायच्या.

सेकंदाला एक टाळी धरली तर दोन्ही ओळी चार सेकंदांत होतात. पंधरा सेकंदांत त्या दोनदा गायल्या, एकदा मध्ये आणि एकदा पाकीट दिसताना, तरी सात सेकंद बोलण्यासाठी आणि वाफाळत्या पातेल्यासाठी उरतात. तिसरी ओळ घालायचा मोह इथे आवरावा, कारण ती आली की पुनरावृत्तीची जागा जाते.

खरी अडचण येते ती चाल आधी हिंदी शब्दांवर बांधून झालेली असते तेव्हा. हिंदीतला ‘है’ एका अक्षरात संपतो, आपला ‘आहे’ दोन अक्षरं घेतो. हिंदी ओळीचा शब्दशः अनुवाद त्या चालीत कोंबला की गायिकेला अक्षरं गिळावी लागतात. अशा वेळी हिंदीतून फक्त टाळ्यांची जागा घ्यावी आणि ओळ मराठीत नव्याने लिहावी. बोलण्यात ‘आहे’ पुष्कळदा गळतोच. वरच्या ओळीतही तो नाही आणि त्याची उणीव भासत नाही.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. गाणाऱ्याच्या जिभेला ‘ळ’ची सवय नसेल तर ‘दरवल’ ऐकू येतं. यमक तरीही जुळतं, कारण ‘ढवळ’चाही ‘ढवल’ झालेला असतो, आणि त्यामुळेच ही चूक सुटून जाते. पण मराठी घरातल्या माणसाला ती ओळ परक्याची वाटते.

शेवटची परीक्षा ओळ न पाहिलेल्या माणसापुढे. त्याला एकदा दोन्ही ओळी म्हणून दाखवा, मग दुसऱ्याच विषयावर बोला. निघताना फक्त ‘आमटी ढवळ’ म्हणा आणि थांबा. समोरून ‘घरभर दरवळ’ आलं, तर मालाचं नाव त्याने स्वतःच्या तोंडाने घेतलेलं असतं.